तिकडे कर कापलेली पेन्शन, इकडे आलेली नोटीस: इंग्लंडहून परतलेल्या एका काकांचं प्रकरण

हे प्रकरण माझ्या ऑफिसमधलं आहे, मी पुण्यात टॅक्सचं काम करतो. ज्यांचं आहे त्यांची परवानगी घेतलीये, नाव-गाव काढून टाकलंय आणि आकडे थोडे गोल केलेत म्हणजे हिशोब डोक्यात बसेल. पुढे त्यांना नुसतं काका म्हणतो. सगळं आर्थिक वर्ष २०२३-२४ चं आहे, म्हणून कलमं १९६१ च्या जुन्या आयकर कायद्यातली आहेत. १ एप्रिल २०२६ पासून नवा कायदा लागू झाला, त्यात नंबर बदललेत, पण त्या वर्षाला जुनाच लागतो.

आणि आधीच सांगतो, यातली मूळ चूक माझ्या ऑफिसची आहे, काकांची नाही.

## पार्श्वभूमी

काका इंजिनिअर, जवळजवळ तीस वर्षं इंग्लंडमध्ये एका खासगी कंपनीत होते. ब्रिटिश पासपोर्ट, ओसीआय कार्ड. सप्टेंबर २०२० मध्ये काका-काकू कायमचे पुण्याला आले, मुलगा तिकडेच राहिला. उत्पन्न दोन पेन्शनचं. एक कंपनीची, महिन्याला १,५०० पौंड म्हणजे वर्षाला १८,०००. दुसरी तिथली सरकारी स्टेट पेन्शन, दर चार आठवड्यांनी साधारण ६९२ पौंड, वर्षाचे ९,००० धरू. (ही स्टेट पेन्शन भारतात राहणाऱ्यांना दरवर्षी वाढवून मिळत नाही, देश सोडताना जो आकडा होता तिथेच गोठते, काकांना त्याचं फार वाईट वाटतं आणि ते बरोबरच आहे.) दोन्ही पेन्शन तिकडच्या बँक खात्यात जमा होतात आणि लागेल तसे पैसे ते इकडे आणतात. इथे एफडीचं व्याज वर्षाला ४ लाखांच्या आसपास.

तिकडचा कर कसा कापला जातो हे कळलं नाही तर पुढचं काहीच कळणार नाही, म्हणून जरा थांबून सांगतो. स्टेट पेन्शनवर कापाकापी होत नाही, ती पूर्ण हातात येते. पण तिकडे १२,५७० पौंडांपर्यंत करमाफी असते आणि ही माफी आधी स्टेट पेन्शनमध्ये संपवली जाते. १२,५७० मधून ९,००० गेले, राहिले ३,५७०. म्हणून काकांच्या कंपनी पेन्शनला टॅक्स कोड लागला ३५७एल, म्हणजे १८,००० पैकी ३,५७० माफ आणि उरलेल्या १४,४३० वर २० टक्के, झाले २,८८६ पौंड. महिन्याला २४० पौंड ५० पेन्स कापून खात्यात १,२५९.५० यायचे. स्टेटमेंटवर दर २५ तारखेला हाच आकडा, वर्षानुवर्षं.

पहिली तीन वर्षं इथे काही प्रश्नच नव्हता. परत आलेल्या माणसाला काही वर्षं "रेसिडेंट पण नॉट ऑर्डिनरिली रेसिडेंट" म्हणजे आरएनओआर असा दर्जा मिळतो आणि त्या काळात परदेशात मिळालेल्या परदेशी उत्पन्नावर इथे कर लागत नाही. अट एकच, पैसा आधी परदेशातल्या खात्यात जमा व्हायला हवा. पेन्शन थेट भारतातल्या खात्यात पाठवायला सांगितली तर ती भारतात "मिळालेली" धरली जाते आणि आरएनओआर असूनही कर लागतो. काकांनी तिकडचं खातं चालू ठेवलं हे फार बरं केलं.

तिसरं वर्ष, २०२२-२३, तसं काठावरच होतं. नियम असा की आधीच्या १० वर्षांपैकी ९ वर्षं अनिवासी असाल, किंवा आधीच्या ७ वर्षांत मिळून ७२९ किंवा कमी दिवस भारतात असाल, तर आरएनओआर. पहिली अट तिसऱ्या वर्षी बसत नव्हती. दुसरीसाठी पासपोर्टवरचे शिक्के काढून बसलो, २०२०-२१ चे १९८ दिवस, २०२१-२२ चे ३६५ आणि त्याआधीच्या पाच वर्षांतल्या सुट्ट्यांचे १४०, झाले ७०३, वाचलो. पण २०२३-२४ ला काही शक्यताच नव्हती, नुसत्या आधीच्या तीन वर्षांचेच नऊशेच्या वर दिवस होत होते. म्हणजे २०२३-२४ हे पूर्ण निवासी म्हणून पहिलं वर्ष, आणि त्या वर्षापासून जगभरातलं सगळं उत्पन्न इथल्या रिटर्नमध्ये.

## आम्ही रिटर्न कसं भरलं

जुलै २०२४ मध्ये काका फाईल घेऊन आले तेव्हा त्यांचं पहिलं वाक्य होतं, "हे बघ, माझा टॅक्स तिकडे कापून झालाय, परत भरायचा नाहीये." मी सांगितलं की काका, दाखवावं तर लागेल, पण तिकडे भरलेल्याचं क्रेडिट मिळेल. ते ठीक म्हणाले. इथपर्यंतचं माझं सगळंच चूक होतं असं नाही, दाखवायला लागतं हे खरंच होतं.

आयटीआर-२ भरलं, नवीन करप्रणालीत. कंपनी पेन्शन पगाराच्या हेडखाली, कर कापायच्या आधीची पूर्ण रक्कम, ५०,००० ची स्टँडर्ड डिडक्शन घेऊन. स्टेट पेन्शन इतर उत्पन्नात. पौंडाचे रुपये करताना स्टेट बँकेचा टीटी बाइंग रेट, कंपनी पेन्शनला ती ज्या महिन्याची त्याच्या आधीच्या महिन्याच्या शेवटच्या दिवसाचा, स्टेट पेन्शनला आर्थिक वर्षाच्या शेवटच्या दिवसाचा. इथे सोपं व्हावं म्हणून सरसकट १०३ रुपये धरतो. कंपनी पेन्शन १८.५४ लाख, स्टेट पेन्शन ९.२७ लाख, व्याज ४ लाख, डिडक्शन जाऊन ३१.३१ लाख. त्यावर सेससकट कर ६,६४,८७२. त्यातून तिकडे कापलेल्या २,८८६ पौंडांचे २,९७,२५८ रुपये कलम ९० खाली वजा केले आणि काकांनी ३,६७,६१४ भरले. परदेशी कराचं क्रेडिट मागायचा फॉर्म ६७ वेळेत भरला, परदेशी मालमत्तेच्या शेड्यूल एफएमध्ये तिकडचं बँक खातं कॅलेंडर वर्ष २०२३ च्या आकड्यांसकट दाखवलं. सगळं नीटनेटकं.

आता जिथे घोडं पेंड खाल्लं ती जागा. शेड्यूल एफएसआयमध्ये परदेशी उत्पन्नाच्या प्रत्येक ओळीला एक कॉलम असतो, कलम ९० खाली सवलत घेत असाल तर त्या देशाशी असलेल्या दुहेरी कर टाळण्याच्या करारातलं कुठलं कलम लागू आहे ते लिहा. माझ्या ऑफिसातल्या मुलाने भारत-ब्रिटन करारात पेन्शनचं कलम कुठलं ते शोधलं आणि लिहिलं २०. नंबर बरोबर आहे. फक्त त्या कलमात काय लिहिलंय ते त्याने वाचलं नाही आणि सही करताना मीही नाही वाचलं.

## नोटीस आणि अधिकाऱ्याचे प्रश्न

जून २०२५ मध्ये १४३(२) ची नोटीस आली म्हणजे केस स्क्रुटिनीत गेली. काकूंचा फोन आला तेव्हा आवाज थरथरत होता, त्यांना वाटलं घरी कोणीतरी येणार. फेसलेस आहे काकू, सगळं पोर्टलवर असतं, कोणी येत नाही, असं समजावलं.

मग ३ सप्टेंबरला १४२(१) ची प्रश्नावली आली, उत्तराला पंधरा दिवस. प्रश्न बरेच होते पण खरे तीनच. पहिला, निवासी दर्जा कसा ठरवला, आधीच्या वर्षांत आरएनओआर आणि यावर्षी नाही असं का. दुसरा, तिकडच्या खात्याची माहिती आमच्याकडे आलीये (देशादेशांत बँक खात्यांची माहिती आपोआप दिली-घेतली जाते त्यातून), त्या खात्याचं पूर्ण वर्षाचं स्टेटमेंट द्या आणि जमा रकमा रिटर्नशी जुळवून दाखवा. तिसरा शब्दशः आठवत नाही, पण आशय असा होता, की तुम्ही स्वतः कलम २० लिहिलंय, त्या कलमानुसार पेन्शनवर कर लावायचा हक्क कुठल्या देशाला आहे, आणि ब्रिटनला नसेल तर तिथे भरलेल्या कराचं क्रेडिट नियम १२८ खाली कसं मिळतं ते स्पष्ट करा. पेन्शन देणारी संस्था सरकारी आहे की खासगी तेही सांगा.

तिसरा प्रश्न वाचला, करार उघडला आणि दोन मिनिटं नुसता बसून राहिलो. कलम २० सांगतं की सरकारी नोकरीची सोडून बाकी पेन्शन ज्या देशाचा रहिवासी त्याच देशात करपात्र. "त्याच देशात", "त्याही देशात" नाही. काका भारताचे रहिवासी, म्हणजे कंपनी पेन्शनवर ब्रिटनला कर लावायचा हक्कच नव्हता. आणि नियम १२८ म्हणतो की परदेशात भरलेला कर करारानुसार देय असलेल्या करापेक्षा जास्त असेल तर तो जास्तीचा भाग सोडून द्यायचा. करारानुसार देय होता शून्य. म्हणजे २,८८६ पौंड सगळेच्या सगळे जास्तीचे.

इथे थोडं थांबतो, कारण लोकांचा गोंधळ नेमका इथेच होतो. दुहेरी कर टाळायचे करारात दोन वेगळे मार्ग असतात. काही उत्पन्नावर दोन्ही देश कर लावू शकतात आणि मग रहिवासी देश क्रेडिट देतो. आणि काही उत्पन्नावर एकाच देशाने कर लावायचा, दुसऱ्याने हातच लावायचा नाही. दुसऱ्या प्रकारात चुकून दुसऱ्या देशाने कर कापलाच, तर तो आपल्या सरकारकडून वळता करून घ्यायचा नसतो, ज्याने चुकीचा घेतला त्याच्याकडूनच परत मागायचा. "कर तर भरलाय ना" हे खरं असलं तरी तो कोणाच्या हक्काचा होता हा प्रश्न उरतोच.

## कोणते पर्याय होते

काकांना बोलावलं, मुलगाही व्हिडिओ कॉलवर होता. सुरुवातीलाच सांगितलं की चूक आमची झाली. काका गप्प राहिले मग म्हणाले, "आता पुढचं सांग."

पहिला पर्याय भांडायचा. कर खरोखर कापला गेलाय, पी६० म्हणजे वर्षभरात कापलेल्या कराचा तिकडचा दाखला हातात आहे, नैसर्गिक न्याय वगैरे. मुलाचा कल याच्याकडे होता, तो म्हणाला एकाच पैशावर दोनदा कर कसा काय चालतो. त्याचं म्हणणं माणूस म्हणून पटतं पण नियमातलं वाक्य इतकं सरळ आहे की त्याला वळसा घालता येत नाही, आणि अपिलात दोन-तीन वर्षं गेली असती. त्या दोन-तीन वर्षांत तिकडची मुदत मात्र चालूच राहिली असती. ब्रिटनमध्ये जास्तीचा कापलेला कर परत मागायला करवर्ष संपल्यापासून चार वर्षं मिळतात. २०२३-२४ साठी ५ एप्रिल २०२८. इकडे हरलो आणि तिकडे मुदत गेली तर दोन्हीकडून गेलं.

दुसरा पर्याय काकांनीच सुचवला, की पेन्शन सरकारी कलमात बसते का बघ, तसं असेल तर फक्त तिकडेच कर. विचार योग्य होता. कलम १९ मध्ये सरकारने किंवा तिथल्या स्थानिक संस्थेने आपल्या नोकरीबद्दल दिलेली पेन्शन त्याच देशात करपात्र असते, अपवाद फक्त माणूस दुसऱ्या देशाचा रहिवासी आणि नागरिक दोन्ही असेल तर. काका ब्रिटिश नागरिक, त्यामुळे ते तिकडच्या सरकारी खात्यात असते तर कंपनी पेन्शनच्या जागी आलेल्या त्या पेन्शनवर इथे करच लागला नसता. हेच काका भारतीय पासपोर्टवर राहिले असते तर तीच सरकारी पेन्शन इथेच करपात्र झाली असती. पण काकांची कंपनी खासगी, तो दरवाजा बंद. स्टेट पेन्शनचं नाव सरकारी असलं तरी ती सरकारी नोकरीची नाही, तिच्यावर तिकडे कर कापलाही गेला नव्हता, आणि नुसते ९,००० पौंड माफीच्या आतच बसतात.

तिसरा पर्याय, क्रेडिटचा दावा स्वतःहून मागे घ्यायचा, इथे २,९७,२५८ भरायचे आणि ब्रिटनकडून २,८८६ पौंड परत मागायचे.

एक चौथाही विचार बोलण्यात आला, की इकडे दावा तसाच ठेवायचा, बघू काय होतं, आणि तिकडेही परतावा मागून ठेवायचा. हे मी त्याच मिनिटाला थांबवलं. एकाच कराचं इथे क्रेडिट आणि तिकडे परतावा हे सरळ सरळ चूक आहे, आणि वाद चालू असलेल्या परदेशी कराचं क्रेडिट नियम १२८ तसंही देत नाही.

तिसरा ठरला. काकांची काळजी एकच होती, आत्ता पैसे जाणार आणि परत कधी येणार माहीत नाही. आणि दंड? इथे थोडा दिलासा होता. उत्पन्न आम्ही पूर्ण दाखवलं होतं, चुकलं होतं ते फक्त क्रेडिट, त्यामुळे उत्पन्न कमी दाखवल्याचा २७०ए चा मुद्दा येत नव्हता. आणि साठीच्या पुढच्या निवासी माणसाला, धंदा-व्यवसायाचं उत्पन्न नसेल तर, ॲडव्हान्स टॅक्स लागत नाही, म्हणून २३४बी चं व्याजही नाही. समजा पेन्शन दाखवलीच नसती, "तिकडे कर भरलाय" म्हणून गाळली असती, तर चित्र पूर्ण वेगळं असतं आणि तेव्हा मी इतक्या शांतपणे बोलू शकलो नसतो.

## उत्तर कसं दिलं

उत्तर तीन भागात लिहिलं, प्रश्नांच्या क्रमाने.

निवासी दर्ज्यासाठी २०१३ पासूनचा वर्षवार दिवसांचा तक्ता, पासपोर्टच्या पानांसकट. ७०३ चा हिशोब आम्ही २०२२-२३ मध्येच करून ठेवला होता, तो जसाच्या तसा लावला.

बँकेच्या जुळवणीवर मी सगळ्यात जास्त वेळ घालवला, कारण अधिकाऱ्याच्या समोर नुसतं स्टेटमेंट टाकलं की त्याला पहिल्यांदा दिसतो तो फरक. रिटर्नमध्ये २७,००० पौंड, खात्यात जमा २४,११४. कोणालाही वाटेल की काहीतरी जुळत नाही. म्हणून एकाच पानावर मांडलं. कंपनीकडून १२ वेळा १,२५९.५० म्हणजे १५,११४, स्टेट पेन्शनचे १३ हप्ते म्हणजे ९,०००, बेरीज २४,११४, आणि २७,००० मधून वजा केलं की राहतात बरोबर २,८८६, म्हणजे पी६० वर छापलेला कर. फरक पैशाला पैसा जुळला. ब्रिटनचं करवर्ष ६ एप्रिल ते ५ एप्रिल असतं त्यामुळे पी६० आणि आपलं वर्ष कधीकधी एका हप्त्याने सरकतं, पण काकांची पेन्शन २५ तारखेची म्हणून दोन्हीत तेच बारा हप्ते आले. ज्यांची महिन्याच्या पहिल्या आठवड्यात येते त्यांनी पी६० चा आकडा तसाच उचलू नये, महिन्याच्या पावत्यांवरून बेरीज करावी.

याच भागात पेन्शन योजनेबद्दल दोन ओळी लिहिल्या, की ही शेवटच्या पगारावर ठरलेली आजन्म पेन्शन आहे, काकांच्या नावावर काढता येईल असा फंड किंवा शिल्लक नाही, म्हणून शेड्यूल एफएमध्ये खातं एकच दिसतं. स्वतःच्या नावाची जमा असलेली पेन्शन पॉट असती तर ती तिथे दाखवावी लागली असती.

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर सगळ्यात छोटं. पेन्शन खासगी कंपनीची आहे, कलम २० लागू होतं, त्यानुसार कर फक्त भारतात लागतो, म्हणून फॉर्म ६७ मधला २,९७,२५८ चा दावा मागे घेत आहोत, फरकाचा कर भरल्याचं चलन सोबत आहे, आणि ब्रिटनमधला कर तिथल्या खात्याकडून परत मागत आहोत. रिव्हाइज्ड रिटर्नची मुदत वाढून १५ जानेवारी २०२५ झाली होती, तीही कधीच संपली होती आणि स्क्रुटिनी लागल्यावर अपडेटेड रिटर्नही भरता येत नाही, म्हणून जे काही करायचं ते उत्तरातच. माझ्या एका सहकाऱ्याचं म्हणणं होतं की पैसे ऑर्डर आल्यावर भरू, आधी कशाला. मला ते पटलं नाही. चूक मान्य करतोय असं लिहायचं आणि चलन लावायचं नाही, मग त्या मान्य करण्याला वजन काय राहतं.

मधेच अजून एक निर्णय घ्यावा लागला. २०२४-२५ चं रिटर्न तेव्हा भरायचंच होतं, मुदत वाढून सप्टेंबरच्या मध्यापर्यंत आली होती, आणि आमच्याकडे तेच क्रेडिट धरून ड्राफ्ट तयार होता. तो तसाच थांबवला, क्रेडिट काढलं आणि पूर्ण कर भरून १२ सप्टेंबरला रिटर्न भरलं. दोन वर्षांचा फरक एकाच महिन्यात, काकांना एक एफडी मुदतीआधी मोडावी लागली. तो फोन करताना मला खरंच वाईट वाटत होतं.

## तिकडचा भाग

ब्रिटनच्या कर खात्याचा, एचएमआरसीचा, यासाठी डीटी-इंडिव्हिज्युअल नावाचा फॉर्म आहे. एकाच फॉर्ममध्ये दोन गोष्टी मागता येतात, मागच्या वर्षांत कापलेला कर परत आणि पुढे कापणं बंद. काकांना वाटत होतं की २०२० मध्ये देश सोडताना पी८५ भरला तेव्हाच हे झालं. नाही होत. पी८५ म्हणजे मी निघालो एवढंच कळवणं, कराराची सवलत वेगळी मागावी लागते. आणि पेन्शन देणाऱ्या कंपनीला मेल करूनही उपयोग नाही, एचएमआरसीने कोड बदलल्याशिवाय ते एक पेनीही कमी कापणार नाहीत. मुलाने दोनदा फोन करून पाहिलं, दोन्ही वेळा हेच उत्तर.

फॉर्मसोबत भारताचे रहिवासी असल्याचा पुरावा लागतो, म्हणजे टॅक्स रेसिडेन्सी सर्टिफिकेट. त्यासाठी फॉर्म १०एफए मध्ये आपल्या वॉर्डच्या अधिकाऱ्याकडे अर्ज आणि मिळतं ते १०एफबी मध्ये. फेसलेसवाला अधिकारी हे देत नाही, ते वेगळे. प्रत्येक वर्षाचं वेगळं मागितलं, २०२३-२४, २०२४-२५ आणि चालू वर्षाचं. ऑक्टोबरमध्ये अर्ज केला, डिसेंबरमध्ये हातात आलं, मध्ये दोन चकरा. मग फॉर्म, सर्टिफिकेटं, पी६० असं सगळं पोस्टाने गेलं.

आधीच्या तीन वर्षांचं काय, असं मुलाने विचारलं. ती वर्षं आरएनओआरची, इथे कर लागलाच नव्हता, म्हणजे एकदाच कर भरला गेला होता. काका म्हणाले, "जिथे दोनदा गेला तेवढाच मागू, बाकी राहू दे." आम्ही तेवढाच मागितला.

## काय निष्पन्न झालं

जानेवारी २०२६ मध्ये १४३(३) ची ऑर्डर आली. उत्पन्न दाखवलं तेवढंच मान्य, कलम ९० ची सवलत शून्य, भरलेल्या चलनाचं क्रेडिट देऊन मागणी शून्य. दंडाची कारवाई सुरू केलेली नाही. निवासी दर्जा आणि बँकेची जुळवणी यावर ऑर्डरमध्ये एकेक ओळ, "तपासलं, मान्य".

मार्चमध्ये एचएमआरसीचं पत्र आलं, कंपनी पेन्शनचा कोड एनटी, म्हणजे कर कापायचा नाही. त्या महिन्याच्या २५ तारखेला काकांनी स्टेटमेंटचा फोटो पाठवला, १,५०० पूर्ण आणि त्यात चालू वर्षात आधी कापलेलेही परत जमा. मागच्या दोन वर्षांचा परतावा त्यानंतर वेगळा आला.

एकूण हिशोब पाहिला तर गंमत वाटते, पण अशी आहे. आधी इकडे ३.६८ लाख आणि तिकडे २.९७ लाख मिळून काकांच्या खिशातून ६.६५ लाख गेले होते. आता इकडे ६.६५ आणि तिकडे शून्य. रक्कम तीच. पण मधल्या काळात पैसे अडकले, एफडी मोडली, सहा महिने घरात ताण राहिला.

## काय वेगळं करता आलं असतं

सगळ्यात मोठी संधी मार्च २०२३ मध्ये होती. ७०३ दिवसांचा हिशोब केला त्याच दिवशी कळलं होतं की पुढच्या १ एप्रिलपासून काका पूर्ण निवासी होणार. त्याच आठवड्यात रेसिडेन्सी सर्टिफिकेटची तयारी आणि डीटी-इंडिव्हिज्युअल सुरू केला असता तर पहिल्या वर्षातच एनटी कोड लागला असता आणि फॉर्म ६७ ची गरजच पडली नसती. आम्ही दिवस मोजले, दर्जा ठरवला आणि फाईल बंद केली.

दुसरी संधी जुलै २०२४, तो एफएसआयचा कॉलम. आता ऑफिसमध्ये पद्धत बदललीये. कराराचं कलम नुसतं नंबराने लिहायचं नाही, त्या कलमातलं वाक्य वर्किंग पेपरवर उतरवायचं आणि त्यात "फक्त" आहे का ते गोल करायचं. देशागणिक हे बदलतं म्हणून अंदाजाने चालत नाही. अमेरिकेच्या करारात खासगी पेन्शन रहिवासी देशात पण सोशल सिक्युरिटी फक्त अमेरिकेत करपात्र आहे, म्हणजे एकाच माणसाच्या दोन पेन्शनची दोन वेगळी उत्तरं.

तिसरं म्हणजे १५ जानेवारी २०२५ पर्यंत रिव्हाइज्ड रिटर्न भरता येत होतं. नोटीस यायच्या आधी कोणी एकदा फाईल परत वाचली असती तर काकूंना तो जूनमधला फोन करावाच लागला नसता. आता परत आलेल्या लोकांच्या पहिल्या पूर्ण निवासी वर्षाच्या फायली आम्ही नोव्हेंबरमध्ये परत काढतो, आणि ज्याने रिटर्न भरलं त्याला सोडून दुसऱ्याने वाचायची. गेल्या नोव्हेंबरमध्ये अशा चार निघाल्या, त्यातल्या एका काकूंच्या इंग्लंडच्या पेन्शनला कलम २० लिहून क्रेडिट घेतलेलं होतं, डिसेंबर संपायच्या आत रिव्हाइज केलं आणि त्यांचा डीटी-इंडिव्हिज्युअल सध्या एचएमआरसीकडे आहे.